ज्यात ती नव्हती

द्रवरूप नत्राच्या डब्याचं झाकण उचललं की पांढरी वाफ वर येते, काठावरून खाली ओघळते आणि जमिनीलगत पसरत जाते. गोठ्यातलं शेण, दावण, गायीचे खूर सगळं क्षणभर त्या वाफेत बुडतं. त्यात हात फिरवला तर हाताला काही लागत नाही, नुसता गारवा लागतो. वेल्ह्याकडच्या गोठ्यांमध्ये मी ते झाकण इतकी वर्षं उघडलं, की माझ्या आठवणीतल्या बऱ्याच गोष्टींच्या बुडाशी ती वाफ पसरलेली आहे. बायकोच्या त्या आजारपणाची आठवणही मला तशीच येते. अर्धी दिसते, अर्धी वाफेत.

मी तेव्हाही पशुधन पर्यवेक्षकच होतो. गावात मला डॉक्टरच म्हणायचे. मोटारसायकलला मागे डबा बांधायचा आणि निरोप येईल त्या गावाला जायचं. डब्यात गोठवलेल्या वीर्याच्या, रिफिलीसारख्या बारीक कांड्या असत आणि प्रत्येक कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असे. त्यातला एकही वळू मी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. तरी गाय माजावर आली की मी शेतकऱ्याला त्या न पाहिलेल्या वळूबद्दलच सांगायचो. त्याची आई किती दूध देत होती, त्याच्या कालवडी कशा निघाल्या. एक वाक्य तर मी प्रत्येक गोठ्यात म्हणायचो: "गाय कशी का असंना, वळू बघा." लोक मान डोलवायचे. मलाही ते मनापासून खरं वाटायचं.

बायको मला एका गोठ्यातच भेटली म्हणायला हरकत नाही. वेल्ह्याच्या बाजूला तिच्या वडिलांची खाचरं होती आणि एक तांबडी गाय होती, जी माझ्या हाताला कधी लागत नसे. मुलगी गायीच्या गळ्याला हात घालून उभी राहिली की मगच ती गप्प व्हायची. पुढे आमचं जमल्यावर सासरे पाहुण्यांना सांगायचे, "गाय भरवाया आला आन पोरगीच घिऊन गेला." ते हे वाक्य इतक्या जणांना सांगायचे की सासूबाई आत चुलीपाशी बसून त्यांच्या आधी पूर्ण करायच्या.

भोरला आमचं दोन खोल्यांचं घर होतं. दादा, म्हणजे माझे वडील, गेले होते. आई आणि आम्ही दोघं. लग्नाला दुसरं वर्ष लागलं आणि गौरी-गणपतीच्या सुमाराला बायकोला दिवस गेले.

तिला उलट्यांचा फार त्रास झाला. पाणी पोटात राहत नव्हतं. चेहरा वाळत गेला आणि पोट मात्र भराभर वाढायला लागलं. तिसऱ्या महिन्यात ते पाचव्यासारखं दिसायचं. आईने एकदा तिच्याकडे पाठीमागून नीट पाहिलं आणि सांगून टाकलं, "जुळं हाय." मीही मान हलवली. गाभण गायी तपासणारा माणूस मी. नसरापूरला चहाच्या टपरीवर मी लोकांना सांगितलं, आमच्याकडे जुळं आहे. कुणीतरी विचारलं, कांडी कुठल्या वळूची. सगळे हसले, मीही हसलो. मला तेव्हा छाती फुगल्यासारखं वाटलं होतं. ते हसू आठवलं की अजून मान खाली जाते.

तिसऱ्या महिन्यात आमच्याकडे चोरओटी भरतात. बाहेरच्या कुणाला कळू न देता, घरातल्याच बायकांनी. आमच्या घरची रीत अशी, की ओटीतल्या तांदळाची खीर गर्भारणीने एकटीने खायची आणि नारळ घरातल्या तांदळाच्या कणगीत पुरून ठेवायचा, बाळंतपण होईपर्यंत. आईने दोन नारळांनी ओटी भरली. बायको पदर पुढे धरून उभी होती. दोन नारळांच्या वजनाने पदर खाली आला, तशी ती मला म्हणाली, "अहो, धरा की जरा." ते बायकांचं काम, म्हणून मी दारातच उभा राहिलो. आईनेच खालून हात लावला. दोन्ही नारळ कणगीत गेले आणि वर तांदूळ सारखा झाला.

मला त्या दिवसांत एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडायचं. मी कणगीत हात घालतोय, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत, तांदूळ गार आहे, आणि बुडाशी काहीतरी हळूहळू वळतंय.

दिवाळीनंतर एक दिवस तिच्या अंगावरून थोडं रक्त गेलं. भोरच्या डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं, ठोके ऐकायचं यंत्र बराच वेळ इकडून तिकडे फिरवलं. ठोका सापडला नाही. त्यांनी रक्तदाब घेतला, तो वाढलेला होता. मग चिठ्ठी लिहिली आणि पुण्याला न्यायला सांगितलं, आजच. जीप मिळाली. कापूरहोळला हायवेला लागलो तेव्हा ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होती आणि दोन्ही हात पोटावर होते.

पुण्याच्या दवाखान्यात सोनोग्राफीच्या खोलीत मला आत उभं राहू दिलं. पडद्यावर मी दोन डोकी शोधत होतो. तिथे एकही नव्हतं. नुसत्या मुंग्या होत्या, टीव्हीचा अँटेना वाऱ्याने फिरला की येतात तशा, पांढऱ्या, काळ्या, सगळीकडे सारख्या. मला वाटलं यंत्र अजून लागायचंय. मी वाट पाहत राहिलो. डॉक्टरबाईंनी पडदा बंद केला तेव्हा कळलं, की ते चित्र तेवढंच होतं.

याला द्राक्षगर्भ म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. आत गर्भ नाही, त्याला पोसणारी नुसती वार वाढते आहे आणि तिचे फुगे झालेत. पिशवी रिकामी करावी लागेल. ती त्यांनी दुसऱ्या दिवशी केली. नंतर तपासणीसाठी बाटली पाठवायची होती, तेव्हा ती मी पाहिली. द्राक्षं वगैरे मला दिसली नाहीत. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे अर्धपारदर्शक दाणे, घोसाने. हात नाही, पाय नाही, काही होऊ पाहिल्याची खूणही नाही. वार मी आयुष्यभर पाहत आलोय, गाय व्यायली की वार पडेपर्यंत बसून राहावं लागतं. पण वासराशिवाय नुसती वार मी कधी पाहिली नव्हती.

डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना बसवून पुढचं सांगितलं. दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायला यायचं. गरोदरपणात रक्तात जो एक स्राव असतो, तो उतरत उतरत नाहीसा व्हायला हवा. उतरला नाही, किंवा पुन्हा चढला, तर आत काही राहिलंय आणि ते वाढतंय असं समजायचं. ते फुप्फुसापर्यंत जातं, जीवावर बेततं. वेळेत कळलं तर औषधाने हमखास बरं होतं. आणि तपासण्या चालू आहेत तोवर, वर्षभर तरी, दिवस जाऊ द्यायचे नाहीत, नाहीतर रक्तातलं काय कशाचं ते कळणार नाही.

पहिल्या दोन तपासण्यांना ती आली. आकडा उतरत होता. मग घरात तो प्रसंग झाला.

आई वाईट नव्हती. पुण्याहून आणल्यावर तिने सुनेला उन्हात बसवून न्हाऊ घातलं होतं, डिंकाचे लाडू केले होते. पण पोटात जे बिघडतं ते पोटवालीचं, हे तिच्या लेखी इतकं उघड होतं की त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. ग्रहणात सुरी धरली असेल, माहेरच्या देवीचं काही राहिलं असेल. कणगीतले दोन नारळ आता नदीला सोडायचे होते, आणि आमच्याकडच्या रितीने ते जिची ओटी तिनेच सोडायचे, मागे वळून न पाहता. बायको आज-उद्या करत होती. एक दिवस मी पुण्याला जायची तयारी करत होतो तर आई चुलीपुढून म्हणाली, "जिच्या पोटात मानूस धरत न्हाई, तिला पुण्याला न्हिऊन काय व्हनार?"

बायको दारात होती. मी आईकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मोटारसायकलच्या किल्ल्या शोधू लागलो. किल्ल्या माझ्या हातातच होत्या.

त्या दिवशी आम्ही पुण्याला गेलो नाही. तिने पिशवी भरली आणि वेल्ह्याची एसटी धरली. मी थांब्यापर्यंत गेलो. गाडीत बसल्यावर खिडकीतून ती एवढंच म्हणाली, "माज्या पोटात काय हाय ते मला न्हाई बघायचं आता."

आठवडे गेले. मी दोनदा वेल्ह्याला जाऊन आलो. ती माझ्यासाठी चहा करायची, समोर ठेवायची आणि पावट्याच्या शेंगा सोलत बसायची. तपासणीचं नाव काढलं की उठून गोठ्यात जायची. सासरे मला बांधापर्यंत पोहोचवायला यायचे. दर वेळी काहीतरी चेष्टा करणारा माणूस, पण तेव्हा ते म्हणाले, "पाव्हणं, ती म्हनती माजी कूस किडली. आमी काय सांगावं? तुमी डाक्टर हाय." मला वाटलं, मी डॉक्टर कसला.

शेवटी मी एकटाच पुण्याला गेलो. डॉक्टरबाईंनी कागदपत्रं पाहिली आणि विचारलं, पेशंट कुठे आहे? मी सगळं सांगितलं. आई काय म्हणाली तेही. माझा व्यवसाय काय, असं त्यांनी विचारलं. सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला आणि जराशा हसल्या. मग म्हणाल्या, "मला एक सांगा. दोन वळूंच्या कांड्या एकत्र केल्या आणि गायीचं काहीच घेतलं नाही, तर वासरू होईल?"

मी म्हटलं, कसं होईल. गायीचं बीज लागतं.

"का लागतं? अर्धा वाटा एका वळूचा, अर्धा दुसऱ्याचा. पूर्ण झालं की."

मी मनातल्या मनात हिशेब केला, तो पूर्ण भरत होता. इतकी वर्षं तेच काम करत होतो आणि हे कधी मनात आलं नव्हतं.

त्यांनी मग सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहितो. मूल होताना आईकडून एक संच येतो आणि बापाकडून एक. जवळजवळ प्रत्येक जनुक दोन प्रतींत असतं आणि बहुतेकांच्या दोन्ही प्रती काम करतात. पण थोडी जनुकं वेगळी आहेत. त्यांच्यातल्या काहींची बापाकडून आलेली प्रत चालू असते आणि आईकडची मिटलेली. काहींची बरोबर उलट, आईची चालू आणि बापाची मिटलेली. प्रतीतला मजकूर तोच असतो, चूक नसते, पण तिच्यावर एक रासायनिक खूण बसलेली असते आणि त्या खुणेवरून शरीराला कळतं, ही कुणाकडून आली, वाचायची की मिटून ठेवायची. म्हणून आईचा वाटा आणि बापाचा वाटा एकमेकांच्या जागी चालत नाही.

आणि माझ्या बायकोच्या पोटात जे वाढलं, त्यात आईचा संच नव्हता. अशा पूर्ण द्राक्षगर्भात बहुधा असं होतं, की स्त्रीबीजातला तिचा संच हरवलेला असतो. बीज म्हणजे नुसतं टरफल उरतं. त्यात पुरुषाचं बीज शिरतं आणि आपलाच संच दुप्पट करतं. कधी दोन पुरुषबीजं शिरतात. संख्या बरोबर भरते, म्हणून ते वाढायला लागतं. पण दोन्ही संचांवर बापाची खूण. बापाकडून चालू राहणारी जनुकं दुप्पट चालू, आणि जी फक्त आईकडूनच चालू होतात ती दोन्हीकडून मिटलेली. बापाच्या बाजूची बरीचशी जनुकं वार वाढवायला जोर लावतात, आईच्या बाजूची तिला आवरतात आणि गर्भाला घडायला लावतात, असा साधारण समज आहे. हे सगळं असं का झालं असावं याबद्दल शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत, असंही त्या म्हणाल्या. पण त्या बाटलीत जे होतं ते त्या वादाची वाट पाहत थांबलं नव्हतं. वारच वार झाली, मूल झालंच नाही.

"म्हणजे ते सगळं माझं होतं," मी म्हणालो.

"तुमचं होतं. तुमची चूक नव्हती. तिचीही नव्हती. बीजातला संच का हरवतो ते कुणाच्या हातात नसतं."

मी उठायला लागलो तशी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी पुढे घरी उपयोगी पडली. मी विचारलं होतं, की माझ्यात माझ्या आईचाही अर्धा वाटा आहे ना, मग तिच्या खुणा कुठे गेल्या? माझ्या बीजातून त्या का नाही गेल्या? त्या म्हणाल्या, "तुमच्या अंगात त्या आहेत. पण शरीर जेव्हा बीज तयार करतं तेव्हा जुन्या खुणा पुसून टाकतं आणि नव्या मारतं. पुरुषाच्या बीजात सगळ्यावर बापाची. बाईच्या बीजात सगळ्यावर आईची, मग तो तुकडा तिला तिच्या वडिलांकडून आलेला का असेना." मी म्हटलं, गाय विकली की नव्या मालकाने कानातला बिल्ला बदलावा तसं. गाय तीच. त्या म्हणाल्या, अगदी तसं, फक्त हा बिल्ला दर पिढीला बदलतो.

पुण्याहून परतताना मी एसटीत खिडकीशी बसलो होतो. बाहेर खेड शिवापूरच्या पुढची कापणी झालेली शेतं होती, संध्याकाळचं धुकं उतरू लागलं होतं. मला वाटत होतं की माझ्या पोटात काहीतरी वाढतंय. नुसतं माझं, माझ्यावर माझं, आवरणारं कुणी नाही. मी जुळं म्हणून मिरवलो होतो. दोन होतेच, पण दोन्ही मीच. वरव्याचा फाटा मागे गेला तरी हे डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी वेल्ह्याला गेलो तो डबा घेऊनच, कारण सासऱ्यांची तांबडी गाय माजावर आल्याचा निरोप होता. बायको नेहमीसारखी गायीच्या गळ्याशी उभी राहिली. मी झाकण उघडलं, वाफ खाली उतरली आणि तिच्या पायांशी पसरली. कांडी काढली आणि थांबलो. तिला म्हटलं, एक सांगायचंय, जाऊ नकोस. ती जाऊ शकत नव्हती, गाय तिच्या हातात होती.

मी सगळं सांगितलं. टरफल, संच, खुणा. कांडी मधेच कोमट पाण्यात घालून ठेवावी लागली, गाय एकदा शेपटीने मला झोडपून गेली. सासरे गोठ्याच्या दारात आडोशाला उभे होते, त्यांना वाटत होतं ते आम्हाला दिसत नाहीत. मी शेवटी म्हणालो, "तुझ्या कुशीत काही खोट नव्हती. ते तुझं नव्हतंच. सगळं माझं होतं."

ती गायीच्या कानामागे खाजवत राहिली. मला वाटलं होतं तिला हायसं वाटेल.

"मंग त्यात मी कुठं व्हते?" ती म्हणाली.

मी म्हणालो, नव्हतीस.

"एवढ्या उलट्या काढल्या. रातीला त्याच्याशी बोलायचे मी. आन त्यात मी नव्हतेच?"

मी तिला दोषातून सोडवायला गेलो होतो आणि तिचं जे थोडं तिच्याजवळ होतं तेही काढून घेतलं होतं. गाय हंबरली. दारातून सासरे म्हणाले, "पाव्हणं, आदी गायीचं बगा, ती काय थांबायची न्हाई." मी काम केलं. हात धुताना ती पाणी ओतत होती. ओतता ओतता म्हणाली, "पुढच्याला?"

"पुढच्याला दोघांचं लागतं. त्याशिवाय होतच नाही. बहुतेक बायकांना पुढचं नीट होतं, डॉक्टरबाई म्हणाल्या. पण आधी रक्त तपासायचं."

तिने तांब्या खाली ठेवला. "येते पुण्याला. पर भोरला तवा येईन जवा हे तुमी आत्तींना सांगाल. माज्यासमोर. मला सांगितलं तसं, सगळं."

पुण्याला आम्ही त्याच आठवड्यात गेलो. कागद हातात येईपर्यंत ती बाकावर माझा अंगठा धरून बसली होती. आकडा चढला नव्हता. उतरलाच होता, शून्याच्या अगदी जवळ. येताना नसरापूरच्या फाट्यावर भोरची गाडी दिसली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चल.

आई अंगणात हरभरा निवडत होती. सुनेला पाहून तिने सूप बाजूला केलं, पाणी आणलं. मी उभ्या उभ्याच सुरुवात केली, कारण बसलो असतो तर बोललो नसतो. आईने सूप पुन्हा ओढलं आणि निवडता निवडता ऐकून घेतलं. मधे ती एकदाच म्हणाली, की असं कुठं असतं व्हय, बाईबिगर पोटात काय राहील का. मी म्हटलं, राहतं, पण माणूस होत नाही, तेच तर झालं. मग तिने जरा रागानेच विचारलं, "मंजी समदं तुजं? हिचं कायबी न्हाई?"

"हिचं नाही. माझं म्हणजे अर्धं दादांचं आणि अर्धं तुझं. तू होतीस त्यात, आई. ही नव्हती."

आईचा हात हरभऱ्यात थांबला.

"माजं काय व्हतं?"

"मला जे दिलंस त्यातलं. पण माझ्यातून जाताना त्याच्यावरची आईची खूण पुसली गेली. बापाची बसली. म्हणून ते आईचं काम करू शकलं नाही."

तिला किती कळलं मला माहीत नाही. मला तरी किती कळलं होतं. पण ती ऊन उतरेपर्यंत निवडत राहिली, आणि निवडलेला हरभरा तिने पुन्हा न निवडलेल्यात मिसळला हे तिच्या लक्षात आलं नाही. ते मी आणि बायकोने पाहिलं. मग ती उठली, आत गेली, आणि कणगीत हात घातल्याचा आवाज आला, तांदूळ सरकण्याचा. दोन्ही नारळ तिने बाहेर आणले. तांदळाचा पांढरा भुगा लागून ते फिकट दिसत होते. सुनेकडे न देता तिने ते माझ्यासमोर धरले.

"तुजं हाय. तूच सोड."

मी हात पुढे केले. तांदळाच्या भुग्याने ते हातातून निसटायला लागले, म्हणून शर्टाचा घेर पुढे ओढला आणि त्यात घेतले. बायको हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. म्हणाली, "पदर न्हाई ना."

आम्ही तिघं नीरेच्या घाटावर गेलो. थंडीतलं पाणी संथ होतं, वर धूर तरंगावा तसं धुकं होतं. मी पायरीवर उतरून दोन्ही नारळ पाण्यात सोडले आणि रितीप्रमाणे मागे वळून न पाहता वर चढू लागलो. मागून आई म्हणाली, "आरं, थांब."

एक नारळ गेला होता. दुसरा पायरीपाशीच घोटाळत होता. पाणी त्याला थोडं आत न्यायचं आणि पुन्हा दगडाशी आणून लावायचं. मी खाली आलो, हाताने ढकलला. तो गोल फिरून परत आला. पुन्हा ढकलला, पुन्हा आला. आई वरच्या पायरीवर पदर तोंडाला लावून उभी होती. बायको माझ्या शेजारी उकिडवी बसली.

मी म्हटलं, राहू दे, तुझं नाहीये ते.

"ठावं हाय," ती म्हणाली, आणि हात पाण्यात घातला. आम्ही दोघांनी मिळून त्याला खालून धरलं, दगडांच्या पुढे, जिथे पाणी ओढ घेतं तिथवर हात लांबवले आणि सोडून दिलं. तो हळूहळू धुक्यात गेला. त्या वेळी आम्ही दोघांनीही पाहत राहायचं ठरवल्यासारखं पाहिलं, तिघांनीही, दिसेनासा होईपर्यंत.

वर्षभर तपासण्या नीट आल्या. नंतर मुलगी झाली. तिचं कपाळ माझं आहे आणि बसण्याची ढब बायकोची. पण बाहेरून जे दिसतं त्यात खुणा दिसत नाहीत हे मला आता माहीत आहे. गोठ्यात मी अजून जातो, झाकण उघडतो, वाफ पसरते. वळूचा क्रमांक वाचून दाखवायच्या आधी मी गायीभोवती एक फेरी मारतो, तिच्या आईबद्दल विचारतो. शेतकरी म्हणतात, डॉक्टर, तुमी पयलं असं करत नव्हता. मी म्हणतो, नव्हतो.